हलाल की झटका : पाकीट काय सांगतं?

हलाल आणि झटका यांतला मुख्य फरक सुरी मानेवर कुठून चालते आणि कुठे थांबते, यात आहे.

हलाल पद्धतीत बोकड जिवंत आणि निरोगी असावा लागतो. कापणारा मुसलमान ‘बिस्मिल्लाह, अल्लाहू अकबर’ म्हणून धारदार सुरी गळ्यावरून फिरवतो. श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, पण सुरी मणक्यापर्यंत नेत नाहीत. रक्त वाहून जाऊन प्राण जाईपर्यंत मुंडकं धडापासून वेगळं करायचं नाही, असा नियम आहे.

झटक्यात जड पात्याच्या एकाच घावात मुंडकं वेगळं होतं. घाव बहुधा मानेच्या मागून बसतो, त्यामुळे मणका आणि त्यातला मज्जारज्जू आधी तुटतो. शिखांच्या रहित मर्यादेत मुसलमानी पद्धतीने कापलेलं मांस, म्हणजे ‘कुट्ठा’, वर्ज्य आहे. त्यामुळे शीख घरांत हा प्रश्न श्रद्धेचा असतो.

झटक्यात रक्त आतच राहतं, हा समज मात्र तितकासा खरा नाही. मुंडकं तुटल्यावरही हृदय थोडा वेळ चालतं आणि रक्त बाहेर पडत राहतं. पाकिटात तळाशी साचलेलं लालसर पाणीसुद्धा रक्त नसतं. स्नायूंतल्या मायोग्लोबिनने त्याला तो रंग येतो. म्हणून तुकडे झालेल्या मटणाकडे बघून पद्धत ओळखता येत नाही.

मग लेबलकडे वळावं लागतं. चौकोनातला तपकिरी त्रिकोण पदार्थ मांसाहारी आहे एवढंच सांगतो. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हा व्यवसायाचा परवाना आहे. बोकड कसा कापला, हे या दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी हलालचा शिक्का आणि त्याखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव शोधावं. जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट आणि चेन्नईची हलाल इंडिया ही त्यातली ओळखीची नावं. दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘हलाल’ रंगवलेलं असेल, तर तो दुकानदाराचा शब्द, प्रमाणपत्र नव्हे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती शिक्का नसलेल्या पाकिटावर. शिक्का नाही म्हणजे झटका, असं अनेकजण धरून चालतात. पण आखाती देशांना माल पाठवणारे कारखाने हलाल पद्धतच वापरतात, आणि असा माल देशात शिक्क्याविना विकला तरी कापण्याची पद्धत काही बदलत नाही. झटका हवा असेल, तर तसं स्पष्ट लिहिलेलंच घ्यावं. महाराष्ट्रात मार्च 2025मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर केलं. ते दुकानाला मिळतं, प्रत्येक बोकडाला नाही.

ज्याला पद्धतीचं महत्त्व आहे, त्याने दुकानदाराला सरळ विचारावं : माल कुठून येतो, कापतं कोण आणि प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत आहे?