गंधक चोवीस दिवसांचं की त्र्याण्णव?

बिदर आणि कलबुर्गी या दोन सीमेवरच्या जिल्ह्यांत उसाच्या कारखान्यांची एक साखळीच आहे. भालकीजवळ हुणजीला महात्मा गांधी, इमामपूरला नारंजा, हल्लीखेडला बिदर सहकारी. खाली आळंद तालुक्यात भुसनूर, अफझलपूर तालुक्यात हावळगा. अशा कोणत्याही कारखान्याच्या गेटाच्या आत एक लांबलचक स्टोअर असतं. बेअरिंग, कॅरियरच्या चेन, पंपाचे इम्पेलर, ग्लँड पॅकिंग, सेंट्रिफ्यूगलच्या जाळ्या, चुना, गंधक, साखरेची पोती असं सगळं तिथे असतं. यातलं किती कामाचं आणि किती नुसतं पडून, हे डोळ्यांना कळत नाही, कारण दोन्हींवर सारखीच धूळ बसते. त्यासाठी स्टोअरकीपर आणि लेखापाल एक जुना हिशोब करतात.

हिशोब सोपा आहे. वर्षभरात स्टोअरमधून खपलेल्या मालाची किंमत घ्यायची आणि तिला सरासरी साठ्याच्या किमतीने भागायचं. साठा वर्षात किती वेळा फिरला हे गुणोत्तर कळतं. मग ३६५ला त्या आकड्याने भागलं की साठा सरासरी किती दिवसांचा आहे तेही कळतं. गुणोत्तर जितकं लहान आणि दिवस जितके जास्त, तितका माल मंद. सगळी गोम आहे ती ‘सरासरी साठा’ या दोन शब्दांत, आणि साखर कारखान्यात ही सरासरी जितकी फसवते तितकी क्वचितच कुठे फसवत असेल.

समजण्यासाठी एक कारखाना धरू. रोजचं गाळप २,५०० टन, हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत १२० दिवसांचा, म्हणजे एकूण तीन लाख टन ऊस. रस स्वच्छ करायला टनामागे साधारण अर्धा किलो गंधक लागतं असं धरलं, तर हंगामाला १५० टन. आता वर्षअखेर ३१ मार्च. गाळप नुकतंच थांबलेलं असतं, गंधक संपत आलेलं असतं. गोदामात १० टन उरतात. मागच्या ३१ मार्चलाही तेवढेच होते. सुरुवातीचा आणि शेवटचा साठा मिळवून दोनने भागला की सरासरी १० टन. १५० भागिले १० म्हणजे साठा १५ वेळा फिरला आणि फक्त २४ दिवसांचा आहे. ताळेबंद वाचणाऱ्याला वाटेल, काय चोख खरेदी आहे!

आता तोच माल महिन्यागणिक पाहा. एप्रिल ते ऑगस्ट दर महिनाअखेर १० टन. हंगामाची तयारी सुरू झाली की सप्टेंबरअखेर ६० आणि ऑक्टोबरअखेर १००. मग नोव्हेंबर ९०, डिसेंबर ७०, जानेवारी ५०, फेब्रुवारी ३०, मार्च १०. बारा महिन्यांची बेरीज ४६० टन, सरासरी सुमारे ३८. गुणोत्तर चारच्या खाली उतरलं आणि साठा ९३ दिवसांचा झाला. माल तोच, खप तोच. बदलली ती फक्त साठा मोजण्याची तारीख. म्हणून हंगामी उद्योगात दोन टोकांची सरासरी घेऊ नये, बारा महिनाअखेरींची घ्यावी.

त्यापुढेही एक प्रश्न उरतो. ऑक्टोबरअखेरचे १०० टन जास्त आहेत का? इथे वर्षाची सरासरी कामाची नाही. हंगामात रोज सव्वा टन गंधक जातं, म्हणजे हा साठा गाळपाच्या ८० दिवसांचा. ऑर्डर दिल्यापासून माल गेटात यायला पंधरा दिवस लागत असतील, तर ८० दिवसांचा ढीग करण्यामागे भाववाढीची भीती असेल किंवा नुसती सवय. यातलं कोणतं कारण खरं, हे खरेदी विभागाला विचारण्याजोगं आहे.

आता पूर्ण स्टोअरकडे येऊ. या काल्पनिक कारखान्यात वर्षाचा खप सहा कोटींचा आणि सरासरी साठा दोन कोटी चाळीस लाखांचा. गुणोत्तर अडीच, १४६ दिवस. हा एकच आकडा संचालक मंडळापुढे ठेवला तर कुणी फार हलणार नाही. पण त्याचे तुकडे केले की चित्र वेगळं दिसतं. रसायनं, पोती आणि वंगण यांचा खप चार कोटी ऐंशी लाख आणि साठा ऐंशी लाख, म्हणजे ६१ दिवस. सुट्या भागांचा खप एक कोटी वीस लाख आणि साठा एक कोटी साठ लाख, म्हणजे ४८७ दिवस. चुना-पोत्यांच्या वेगाने सुट्या भागांचा मंदपणा झाकला होता. त्या एक कोटी साठ लाखांतही बिन कार्डावरची शेवटच्या इश्यूची तारीख पाहत गेलं, की सत्तर लाखांचा माल तीन वर्षांत जागचा हललेला नाही असं निघतं. तो बाजूला काढला तर उरलेले भाग २७४ दिवसांचे आहेत. ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगमध्येच जे मुख्यतः लागतात, त्यांच्यासाठी ते वाईट नाही.

या सत्तर लाखांची सरसकट भंगारात रवानगी करणं मात्र मोठी चूक ठरेल. मिलचा एक जादा रोलर दहा वर्षं पडून राहिला तरी चालतो, कारण भर हंगामात शाफ्ट मोडला आणि नवा यायला काही महिने लागले, तर ऊस शेतात वाळतो. कलबुर्गी जिल्ह्यातल्या वाडी, मळखेड, सेडमच्या सिमेंट कारखान्यांतही भट्टीचा पिनियन असाच राखून ठेवला जातो. अशा विम्याच्या भागांचं गुणोत्तर शून्य असणं हेच त्यांचं काम. हिशोबाचे नियमही हे ओळखतात: एएस १० आणि इंड एएस १६ प्रमाणे, यंत्रसामग्रीच्या व्याख्येत बसणारे मोठे सुटे भाग साठ्यात न धरता स्थिर मालमत्तेत धरायचे असतात. ते तिकडे नेले की स्टोअरचा आकडा प्रामाणिक होतो.

उरलेल्या ढिगात कारणं शोधावी लागतात. पंप बदलला, पण जुन्याचे इम्पेलर राहिले. एकच ६३०८ बेअरिंग एकदा कंपनीच्या नावाने आणि एकदा नुसत्या नंबराने, अशा दोन कोडांखाली चढलं. एका कोडात ते पडून आहे आणि दुसऱ्यात त्याची खरेदी चालू आहे. हे दुसरं कारण सगळ्यात स्वस्तात सुटतं, कारण कोड एक केले की पुढचा इंडेंट आपोआप थांबतो.

उलटी फसगतही होते. वर्ष संपताना विभाग चाळीस बेअरिंग इश्यू करून घेतो आणि ती फिटरच्या कपाटात जातात. कागदावर खप वाढतो, गुणोत्तर सुधारतं, पण माल तिथेच असतो. एखाद्या भागाचा इश्यू नेहमी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा होत असेल, तर कपाटं उघडून मोजावीत.

आणि दुष्काळाचं वर्ष वेगळं ठेवावं. २०१५-१६ला मांजरा खोरं कोरडं पडलं, तसं झालं की ऊसच नसतो. गाळप निम्म्यावर आलं की खप निम्म्यावर येतो, आणि आदल्या वर्षी जो साठा बरोबर होता तो अचानक मंद दिसू लागतो. अशा वर्षी गुणोत्तराशेजारी टनामागचा खप लिहावा. टनामागचं गंधक अर्धा किलोच असेल तर दोष पावसाचा. ते पाऊण किलोवर गेलं असेल, तर मात्र रस स्वच्छ करण्याच्या प्रक्रियेत किंवा वजनकाट्यावर पाहायला हवं.