विश्लेषण : पासवर्ड बरोबर, मग एकाच ब्राउझरमध्ये नेट बँकिंग का अडते?

युजर आयडी बरोबर, पासवर्डही बरोबर, इंटरनेट सुरू आहे. तरी लॉगिनचे बटण दाबल्यावर स्क्रीनवर येते ते एकच मोघम वाक्य: ‘तुमची विनंती पूर्ण करता आली नाही, कृपया नंतर प्रयत्न करा’. तोच आयडी आणि तोच पासवर्ड दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकला की खाते लगेच उघडते. अशा वेळी दोष बहुधा खात्यात नसतो. तो पहिल्या ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या माहितीत किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेंशनमध्ये असतो. पण अनेक जण पासवर्डवर संशय घेतात, तोच चार वेळा टाकतात आणि लॉगिन लॉक करून घेतात. मग पाच मिनिटांचे काम शाखेच्या फेरीपर्यंत जाते.

बँक नेमकी चूक का सांगत नाही?

ही मोघम भाषा मुद्दाम ठेवलेली असते. ‘हा युजर आयडी अस्तित्वात नाही’ किंवा ‘आयडी बरोबर, पासवर्ड चुकला’ असे स्पष्ट सांगितले, तर आयडींची यादी घेऊन बसलेल्या भामट्याला त्यातले खरे कोणते हे आयते कळेल. म्हणून चुकलेला पासवर्ड, संपलेले सेशन, अर्धवट पोहोचलेली माहिती अशा वेगवेगळ्या कारणांना बँकेचा सर्व्हर एकच उत्तर देतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्य आहे, ग्राहकाला मात्र अंधारात ठेवणारे.

लॉगिन करताना पडद्यामागे काय होते?

लॉगिनचे पान उघडताच, म्हणजे काहीही टाइप करण्याआधीच, सर्व्हर ब्राउझरला कुकी नावाची छोटीशी नोंद देतो. ती दवाखान्यातल्या टोकनसारखी असते. तिच्या जोडीला पानातही एक छुपा क्रमांक ठेवलेला असतो. बटण दाबल्यावर दोन्ही सर्व्हरकडे जातात आणि त्यांची जोडी जुळली तरच पुढची तपासणी होते. पान बराच वेळ उघडे राहिले, तेच पान दोन टॅबमध्ये उघडले किंवा मध्येच ‘बॅक’ दाबले, की जोडी तुटते. पासवर्ड बरोबर असूनही उत्तर नकाराचे येते.

दुसरा भाग कॅशेचा. रोख रकमेशी त्याचा काही संबंध नाही. पान पटकन उघडावे म्हणून ब्राउझर संकेतस्थळाची चित्रे आणि प्रोग्रामचे तुकडे स्वतःकडे साठवतो, तो हा साठा. अनेक बँकांच्या पानावर पासवर्ड पाठवण्यापूर्वी त्याचे सांकेतिक रूप करणारा असाच एक तुकडा असतो. बँकेने तो बदलला आणि ब्राउझरने साठ्यातला जुनाच वापरला, तर सर्व्हरला पासवर्ड उलगडता येत नाही. काही वेळा सर्व्हर त्याला चुकीचा पासवर्ड समजतो आणि चुकलेल्या प्रयत्नांत एकाची भर पडते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे अंगलट येते ते यामुळे.

कारण शोधायचे कसे?

उदाहरण म्हणून पुण्यातील एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार घ्या. महिनाअखेर आहे, वॉचमनचा पगार आणि लिफ्टच्या देखभालीचे पैसे द्यायचे आहेत. लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये ते आयडी, पासवर्ड टाकतात, मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरल्यावर मात्र ‘सेशन अवैध आहे’ असा संदेश येऊन ते पुन्हा लॉगिनच्या पानावर फेकले जातात. एजमध्ये सगळे सुरळीत चालते.

पहिला धागा इथेच सापडतो. त्यांची बँक पासवर्ड तपासल्यानंतरच ओटीपी पाठवते. ओटीपी आला, याचा अर्थ पासवर्ड मान्य झाला होता. तो बदलून काही साधणार नाही.

खजिनदारांनी आधी बँकेचे सगळे टॅब बंद केले आणि पत्ता हाताने टाइप करून पाहिले. अडचण कायम. मग त्यांनी इन्कॉग्निटो विंडो उघडली आणि तिथे लॉगिन झाले. ही चाचणी सर्वात उपयोगी, कारण इन्कॉग्निटोमध्ये जुन्या कुकी नसतात, जुना कॅशे नसतो आणि एक्स्टेंशन सहसा बंद असतात. तिथे लॉगिन झाले म्हणजे बँक, इंटरनेट आणि पासवर्ड तिन्ही संशयातून सुटले. मात्र आधीची एखादी इन्कॉग्निटो विंडो उघडी असेल तर ती बंद करूनच नवी उघडावी, कारण अशा सगळ्या विंडोंच्या कुकी सामाईक असतात.

उरले दोन संशयित: एक्स्टेंशन आणि साठवलेला डेटा. खजिनदारांनी साध्या विंडोत `chrome://extensions` उघडून सगळी एक्स्टेंशन बंद केली. तरीही तोच संदेश आला, म्हणजे एक्स्टेंशन निर्दोष. मग त्यांनी `chrome://settings/content/all` या पानावर बँकेचे नाव शोधले आणि फक्त तिचा डेटा काढून टाकला. पुढच्या प्रयत्नात लॉगिन झाले.

असे का झाले असावे? अशा प्रकारांत नेहमी आढळणारे एक कारण म्हणजे एकाच नावाच्या दोन कुकी. एक बँकेच्या मुख्य पत्त्यावर पूर्वी कधी तरी ठेवलेली, दुसरी नेट बँकिंगच्या उपपत्त्यावरची ताजी. ब्राउझर दोन्ही पाठवतो, सर्व्हर नेमकी जुनी वाचतो आणि आत्ताच आत आलेल्या ग्राहकाला ओळखत नाही. कुकींचा ढीग फारच वाढला तर वेगळाच संदेश दिसतो: `400 Bad Request: Request Header Or Cookie Too Large`. तो दिसला तर शोधाशोध करायची गरज नाही, त्या संकेतस्थळाच्या कुकी काढणे एवढाच उपाय.

गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी बुकमार्कवरून पान उघडल्यावर पुन्हा नकार आला. बुकमार्क तपासला तर त्यात बँकेच्या पत्त्यापुढे `jsessionid` आणि अक्षरांची लांबलचक माळ होती. म्हणजे कधी काळच्या संपलेल्या सेशनचा क्रमांकच त्यात जपून ठेवलेला होता. तो बुकमार्क काढून मुख्य पानाचा नवा केल्यावर त्रास थांबला. दोन बिघाड एकमेकांवर चढलेले असले की पहिला उपाय फसल्यासारखा वाटतो, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

‘सगळे डिलीट करा’ हा सल्ला का टाळावा?

ओळखीचा कोणीही पहिल्यांदा हेच सांगतो. सगळ्या कुकी काढल्या की ईमेलपासून वीजबिलापर्यंत प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते आणि बिघाड कशात होता हेही कळत नाही. फक्त बँकेचा डेटा काढल्यास एवढेच होते, की बँक त्या ब्राउझरला नवे उपकरण समजून जादा पडताळणी मागू शकते. कॅशेचे मात्र वेगळे. तो काढल्याने पाने थोडा वेळ सावकाश उघडतात, इतकेच. संगणकावर लॉगिनच्या पानावर, काहीही भरण्याआधी, `Ctrl+Shift+R` दाबले तरी ब्राउझर साठा बाजूला ठेवून ते पान नव्याने आणतो.

एक्स्टेंशन दोषी असतील तर?

सगळी बंद केल्यावर लॉगिन झाले, तर एकेक सुरू करून पाहावे. बहुतेकदा जाहिराती रोखणारे किंवा माग काढणे थांबवणारे एक्स्टेंशन सापडते. बँकेच्या पानावर उपकरण ओळखणारी किंवा कॅप्चा दाखवणारी स्क्रिप्ट अनेकदा दुसऱ्या पत्त्यावरून येते आणि हे एक्स्टेंशन तिला जाहिरात समजून अडवते. ते काढून टाकायची गरज नसते, बँकेच्या पत्त्यापुरते बंद ठेवता येते. भाषांतर करणारी किंवा लिखाण तपासणारी एक्स्टेंशनही पानाच्या मजकुरात हात घालतात. ज्याच्या तपशिलात `Read and change all your data on all websites` असे लिहिले आहे, त्याला बँकेचे पानही वाचता येते. लॉगिन अडो वा न अडो, अशी एक्स्टेंशन किती आणि कोणाची आहेत हे पाहिलेले बरे.

मोबाइलवर हेच होते का?

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन नसतात, त्यामुळे एक संशयित आपोआप कमी होतो. फोनवरची नेहमीची अडचण उघड्या टॅबची. परवा उघडलेले लॉगिनचे पान आज जसेच्या तसे समोर येते, ते ताजे वाटते, पण त्यामागचे सेशन केव्हाच संपलेले असते. तो टॅब बंद करून नवा उघडावा. तरीही अडले तर इन्कॉग्निटो टॅबमध्ये पाहावे. तिथे लॉगिन झाले, तर क्रोमच्या सेटिंग्जमधील `Site settings`, त्यात `All sites` येथे जाऊन फक्त बँकेचा डेटा काढावा. ‘डेस्कटॉप साइट’ची खूण राहून गेली असेल तर तीही काढावी, काही बँकांचे पान तिच्यामुळे बिघडते.

बँकांचे पत्ते बदलले, त्याचा संबंध काय?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना ‘.bank.in’ने संपणाऱ्या पत्त्यांवर जाण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. या पत्त्यांची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत होते. कुकी आणि साठवलेला पासवर्ड दोन्ही पत्त्याशी बांधलेले असतात. त्यामुळे नव्या पत्त्यावर पासवर्ड आपोआप भरला जात नाही, जुना बुकमार्क वळसा घालून नेतो आणि काही वेळा मध्येच अडतो. पासवर्ड आपोआप भरला गेला नाही तर घाईने हाताने टाइप करण्यापूर्वी पत्ता शेवटपर्यंत वाचावा. बनावट पानावरही तो आपोआप भरला जात नाही.

ब्राउझरवर वेळ घालवणे कधी थांबवावे?

दोन ब्राउझर आणि मोबाइल ॲप, तिन्हीकडे नकार आला तर बिघाड बँकेच्या बाजूला असू शकतो किंवा खातेच लॉक झालेले असते. इन्कॉग्निटोतही अडले पण दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालले, तर निष्कर्षाची घाई करू नये, कारण इन्कॉग्निटो दुसऱ्या पत्त्यावरच्या कुकी रोखतो आणि काही बँकांच्या पानाला त्या लागतात. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दाखवला तर मात्र पुढे जाऊ नये.

बँकेचा नंबर गुगलवर शोधण्याचा मोह याच वेळी होतो आणि बनावट ‘कस्टमर केअर’वाले त्याचीच वाट पाहत असतात. नंबर डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो. लॉगिन दुरुस्त करण्यासाठी स्क्रीन दाखवणारे ॲप घ्या, असे पलीकडच्याने सांगितले तर फोन तिथेच ठेवावा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.