आजीबद्दल चार मिनिटं

पुणे, नगर, नाशिककडे दशक्रिया विधीला घाटावर प्रवचन संपलं की माइक फिरू लागतो. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, लग्नपत्रिका द्यायला निघालेला एखादा पुढारीही वाट वाकडी करून येतो आणि बोलतो. गेलेली म्हातारी प्रेमळ होती, कष्टाळू होती, धार्मिक होती, तिच्या जाण्यानं कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. नाव बदललं तर तेच भाषण उद्या शेजारच्या गावच्या घाटावर चालेल. ऐकणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ते घड्याळ बघत बसतात.

शहरातली प्रार्थनासभा यापेक्षा आटोपशीर असते. तेराव्याच्या आगेमागे एखादा हॉल घेतात, फोटोला हार घालतात, भजनी मंडळातल्या बायका दोन अभंग म्हणतात, दोघं-तिघं बोलतात, मग दोन मिनिटं स्तब्धता आणि पसायदान. इथं बोलायची पाळी हमखास नातवंडांवर येते. मुलगे-सुना विधींत आणि पाहुण्यांत अडकलेले असतात, त्यांना बोलवतही नाही. मग कुणीतरी काका म्हणतो, ‘‘तू कॉलेजात बोलायचीस ना, तूच बोल.’’

अशा सभांचं सूत्रसंचालन करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. बोलताना आवाज स्थिर राहतो तो मन घट्ट केल्यानं नव्हे. कागदावर काय लिहिलंय, यावर ते ठरतं. ‘ती आमच्यावर जिवापाड माया करायची’ हे वाक्य उच्चारताच गळा दाटतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. ‘ती लसणीची चटणी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबर लावून आमच्या पिशवीत कोंबायची’ हे वाक्य सांगून होतं, आणि समोरच्या चार बायका मान हलवतात.

सांगलीकडच्या एका आजीची सभा घेऊ. नातीनं लिहिलेला पहिला खर्डा ‘आमची आजी १ जानेवारी १९४१ रोजी जन्मली’ इथून सुरू होत होता. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांची आधारकार्डावरची तारीख १ जानेवारीच असते, कारण खरी कुणी लिहूनच ठेवलेली नव्हती. तारीख गेली. पुढं सात विशेषणं होती, मग आजारपण, मग दवाखान्यातली शेवटची रात्र. आजारपणही गेलं. जमलेल्या लोकांनी ते पंधरवडाभर फोनवर ऐकलेलं असतं, आणि आजीच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतले शेवटचे तीन आठवडे म्हणजे आजी नव्हे.

मग तिला तिघींकडे पाठवलं: आजीची धाकटी जाऊ, भजनी मंडळातली मैत्रीण आणि घरी येऊन आजीचं सगळं करणाऱ्या मावशी. ‘आजी कशी होती?’ असं विचारलं की पुन्हा विशेषणंच हाती येतात. म्हणून प्रश्न ठरवून दिले. ती सकाळी उठून आधी काय करायची? कशावर चिडायची? कुठली गोष्ट कुणाला हात लावू द्यायची नाही? जावेनं सांगितलं, की लग्नात नाव बदललं तरी माहेरचा धाकटा भाऊ तिला शेवटपर्यंत जुन्याच नावानं हाक मारायचा, आणि फोनवर ते नाव ऐकलं की तिचा आवाज बदलायचा. मावशींनी सांगितलं, की भाजीवाल्याचा काटा ती स्वतः हात लावून तपासायची. पत्त्यातली लबाडी नातीला स्वतःलाच माहीत होती.

यातून उभं राहिलेलं भाषण असं सुरू झालं:

‘‘आमची आजी मेंढीकोटात लबाडी करायची. दहिला पदराखाली जायचा आणि योग्य वेळी बाहेर यायचा. आम्ही पकडलं की म्हणायची, ‘मला दिसत नाही रे बाळांनो.’ याच आजीला भाजीवाल्याच्या काट्यातला पन्नास ग्रॅमचा फरक दाराआडून दिसायचा.’’

हॉलमध्ये लोक हसले. शोकसभेत हसवू नये, असं काहींना वाटतं. मला वाटत नाही. हसलं की बोलणाऱ्याचा अडकलेला श्वास सुटतो आणि पुढची दोन मिनिटं निभतात. फक्त ती खोड निरुपद्रवी हवी, आणि आजीसमोर सांगितली असती तर तीही हसली असती, अशी हवी. सुनेशी झालेली भांडणं, वाटण्या, कुणी किती दिवस सांभाळलं, यातलं काहीही गमतीनंसुद्धा काढायचं नाही.

त्यानंतर चटणीची पिशवी आली, मग माहेर. ‘‘आम्ही तिला ज्या नावानं ओळखतो, ते तिला लग्नात मिळालं. त्याआधीची सतरा वर्षं ती दुसऱ्याच नावानं वाढली, आणि त्या नावानं हाक मारणारे मामाआजोबा आज इथं बसले आहेत.’’ हे नाव नातीनं तिथं मोठ्यानं उच्चारलं. दुखवटा घेऊन आलेली माहेरची मंडळी बहुतेक सभांत मागच्या रांगेत गप्प बसलेली असतात; त्यांच्या मुलीबद्दलही कुणीतरी बोललं.

सगळ्यांत जड वाक्य कुठं ठेवायचं, हा खरा कारागिरीचा भाग. बहुतेक जण ते शेवटाला ठेवतात, तिथं कोसळतात आणि रडतच माइक सोडतात. ते दोन-तृतीयांश अंतरावर ठेवावं. इथं ते असं होतं: ‘‘मागच्या दिवाळीला पिशवीत चटणी नव्हती. आजी डबा शोधत राहिली आणि आम्हाला कळलं.’’ त्यापुढं सावरायला चार-पाच साधी वाक्यं लागतात, आणि आभार त्याच कामाचे. मावशींचे आभार नाव घेऊन मानले. नातेवाइकांची यादी मात्र वाचली नाही. दहा नावं घेतली आणि अकरावं राहिलं, तर ते पुढच्या लग्नापर्यंत पुरतं. शेवटचं वाक्य निव्वळ सूचनेचं ठेवलं: ‘‘आजीला पसायदान उभं राहून म्हटलेलं आवडायचं, आपण उभं राहू या.’’ असं वाक्य कुणालाही म्हणता येतं, आणि त्याबरोबर भाषण आपोआप संपतं.

लांबीचं म्हणाल, तर अशा ठिकाणी माणूस मिनिटाला शंभरेक शब्दांपेक्षा जास्त बोलत नाही, बोलूही नये. चार मिनिटांचे चारशे शब्द होतात. ते मोबाइलवर ठेवू नयेत. पडदा विझतो, मध्येच फोन येतो आणि डोळ्यांत पाणी आलं की बारीक अक्षर लागत नाही. कागदावर, एका बाजूनं, ठळक अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून लिहावं. घरी निदान तीनदा मोठ्यानं वाचावं. जिथं प्रत्येक वेळी आवाज फाटतो, त्या वाक्याच्या आधी पेनानं उभी रेघ मारावी. तिथं थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, फोटोकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघायचं आणि मग वाचायचं. ते वाक्य फार लांब असेल तर त्याची दोन करावीत.

कागदाची दुसरी प्रत पहिल्या रांगेतल्या एखाद्या भावंडाकडे द्यावी, त्याच रेघांसकट. बोलणारीला पुढं जाता आलं नाही, तर त्यानं शेजारी येऊन उभं राहायचं आणि त्या रेघेपासून पुढं वाचायचं. सांगलीच्या सभेत चटणीच्या वाक्याला नात थांबली, मावसभाऊ उठून जवळ आला, तिनं मान हलवून नको म्हटलं आणि राहिलेलं स्वतःच वाचलं.