महागाई आणि वटावाचा दर

प्रकल्प फायद्याचा ठरेल का, हे तपासताना पुढच्या वर्षांतली मिळकत दोन प्रकारे मांडता येते. त्या त्या वर्षी प्रत्यक्ष हाती पडतील तेवढे, म्हणजे महागाईने फुगलेले रुपये लिहिले तर त्या चालू किमती. महागाई वगळून सारे आजच्या भावाने लिहिले तर त्या स्थिर किमती. भविष्यातल्या रकमेचे आजचे मूल्य काढणारा वटावाचा दरही दोन प्रकारचा असतो. बँकेच्या व्याजासारख्या नाममात्र दरात महागाईची भरपाई आधीच धरलेली असते. वास्तव दरात ती नसते. चालू किमतींना नाममात्र दर लावावा आणि स्थिर किमतींना वास्तव दर, एवढाच नियम आहे.

या दोन दरांचे नाते अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ओळखले जाते. वास्तव दर ६ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल, तर १.०६ × १.०५ = १.११३, म्हणजे नाममात्र दर ११.३ टक्के. नुसती बेरीज ११ देते. महागाई कमी असेल तेव्हा हा फरक किरकोळ, पण ती वाढली की बेरजेवर विसंबू नये.

समजा, एका शीतगृहात १० लाखांचे नवे यंत्र बसवले. त्याने आजच्या दराने वर्षाला ४ लाखांची वीज वाचते आणि ते तीन वर्षे टिकते. ६ टक्क्यांनी वटवल्यास बचतीचे आजचे मूल्य १०.६९ लाख येते. यंत्र घेण्यासारखे आहे. वीज महागाईइतकीच महागत जाईल असे धरून बचत ४.२०, ४.४१ आणि ४.६३ लाख लिहिली आणि ११.३ टक्क्यांनी वटवली, तरी उत्तर तेच.

आता स्थिर ४ लाखांनाच ११.३ टक्के लावा. मूल्य ९.७२ लाखांवर येते आणि चांगले यंत्र नाकारले जाते. महागाई दरात मोजली, पण मिळकतीत मोजली नाही, म्हणून हे घडले. प्रकल्प अहवालात दरवर्षीची बचत तीच आणि वटावाचा दर मात्र बँकेच्या कर्जाचा, असे दिसले की ही चूक ओळखावी. दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांना तिचा फटका सर्वांत जास्त, कारण दूरच्या वर्षांची मिळकत अधिक वेळा कापली जाते.

एका परिस्थितीत मात्र ९.७२ लाख हेच उत्तर बरोबर असते: मिळणारे रुपयेच कराराने बांधलेले असतील तेव्हा. भारतात सौर वीज खरेदीचे अनेक करार २५ वर्षे एकाच दराने होतात. तिथली जमा वर्षानुवर्षे सारखी दिसली, तरी ती चालू रुपयांतली आहे. तिला नाममात्र दरच हवा. घसाऱ्यामुळे वाचणारा आयकरही असाच. घसारा यंत्राच्या मूळ खरेदी किमतीवर मिळतो, महागाईबरोबर तो वाढत नाही. त्यामुळे स्थिर किमतींत हिशेब करताना ही करबचत आधी महागाईने भागून घ्यावी लागते. न भागता वास्तव दराने वटवली, तर प्रकल्प आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.