पायडलवर वीस किलो, रस्त्यावर साडेतीन

गिअरच्या सायकलवर चढ चढताना मागची मोठी चकती लावली की पाय हलके पडतात, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. का, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर येतं, ‘त्या गिअरमध्ये ताकद जास्त असते.’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याची एक बाटली, सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा आणि सीट उचलून धरायला एक मित्र एवढं पुरतं.

सुरुवात दाते मोजण्यापासून करावी. पायडलजवळच्या चकतीला चेनव्हील म्हणतात आणि मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या जुडग्याला फ्रीव्हील. पुढे 42 दात्यांची चेनव्हील आणि मागे 14 ते 28 दात्यांच्या चकत्या, ही जोडी आपल्याकडच्या गिअरच्या सायकलींवर सर्रास सापडते. आता चेन मागच्या सर्वांत लहान, 14 दात्यांच्या चकतीवर घ्या. मागचं चाक उचलून पायडल सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह किती वेळा समोरून जातो ते मोजा. चाक तीन वेळा फिरतं. (ब्रेक किंचित दाबून ठेवावा, नाहीतर फ्रीव्हीलमुळे चाक पायडलला मागे टाकून पुढे फिरत राहतं आणि मोजणी चुकते.)

तीनच का? चेनव्हीलच्या एका फेरीत तिच्या 42 दात्यांवरून चेनचे 42 सांधे पुढे सरकतात. चेन अखंड असल्यामुळे मागच्या चकतीवरूनही तेवढेच सांधे जायला हवेत. त्या चकतीला दाते 14, म्हणून 42 सांधे जाऊ द्यायला तिला तीन फेऱ्या माराव्या लागतात. चेन 28 दात्यांच्या चकतीवर घेतली तर दीडच फेरी होते. दात्यांचा हा भागाकार म्हणजेच वेगाचं गुणोत्तर. चाकाचा घेर साधारण 2.07 मीटर धरला, तर पायडलच्या एका फेरीत सायकल पहिल्या गिअरजोडीत 6.2 मीटर जाते, दुसरीत 3.1 मीटर.

इथवरचं गणित मुलांना पटकन पटतं. खरी गंमत जोराच्या गणितात आहे.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, साधारण 17 सेंटीमीटर लांब असतो. त्याच्या टोकावर 20 किलो वजनाइतका जोर दिला, तर चेनव्हीलच्या मध्याभोवती फिरवणारा जोर तयार होतो 20 गुणिले 17. हाच टॉर्क: जोर किती, आणि तो मध्यापासून किती लांब लावला, यांचा गुणाकार. (शाळेच्या पुस्तकात जोर न्यूटनमध्ये मोजतात. इथे सोयीसाठी किलोच वापरू.) 42 दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या साधारण 8.5 सेंटीमीटर असते, म्हणजे क्रँकच्या बरोबर निम्मी. म्हणून चेनवर दुप्पट, 40 किलोंचा ताण येतो.

हा ताण चेनमधून जसाच्या तसा मागे पोचतो. मागे चकती कोणतीही असो, चेन ती 40 किलोंनीच ओढते. फरक पडतो तो चकतीच्या त्रिज्येने. 14 दात्यांच्या चकतीची त्रिज्या 2.8 सेंटीमीटर, 28 दात्यांच्या चकतीची 5.7. तोच ताण दुप्पट अंतरावरून लागला की टॉर्कही दुप्पट. म्हणजे चाकाच्या फेऱ्या ज्या पटीत घटल्या, त्याच पटीत टॉर्क वाढला. हे जमणारच, कारण दोन्ही चकत्यांवर दात्यांमधलं अंतर एकसारखं, अर्धा इंच असतं. त्यामुळे दाते दुप्पट झाले की त्रिज्याही दुप्पट होते.

चाकाची त्रिज्या 33 सेंटीमीटर. तिथपर्यंत हिशेब नेला तर आकडा चकित करणारा निघतो. 14 दात्यांच्या चकतीवर पायडलचे 20 किलो रस्त्यावर जेमतेम 3.4 किलो उरतात, 28 च्या चकतीवर 6.9. सायकल जोर वाढवत नाही, उलट कमीच करते, हलक्या गिअरमध्येसुद्धा! तिची रचनाच वेगासाठी आहे. जुन्या काळच्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असे आणि वेग हवा तर चाकच मोठं करावं लागे. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी चेनवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली आणि लहान चाकावरही तो वेग मिळू लागला.

खात्री करायला बाटली घ्या. मागचं चाक उचलून क्रँक पुढच्या बाजूला आडवा करा आणि पायडलला दोन लिटर पाण्याची बाटली टांगा. चाकाच्या सर्वांत मागच्या बिंदूला टायरवर दोरी बांधून त्यात काटा अडकवा आणि चाक फिरू नये एवढाच सरळ खाली ओढून धरा. 14 च्या चकतीवर काटा 340 ग्रॅमच्या आसपास थांबेल, 28 वर 690 च्या. घर्षणामुळे आकडे थोडे हलतील. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीजवळ येतो की नाही, एवढं पाहायचं.

आता चढाचं उदाहरण घेऊ. मुलगी 50 किलोंची, सायकल 15 किलोंची, आणि चढ असा की शंभर मीटर गेल्यावर रस्ता आठ मीटर उंच होतो. हे 65 किलो वर न्यायला रस्त्याच्या दिशेने 5.2 किलो जोर लागतो. टायरचं घर्षण धरून 5.7 म्हणू. ती पायडलवर सरासरी 20 किलोच देऊ शकत असेल, तर 14 च्या चकतीवर तिला 3.4 किलोच मिळतात. सायकल थांबणार. 28 वर 6.9 मिळतात. सायकल चढणार.

मग ही जास्तीची ताकद आली कुठून? कुठूनही नाही. हा चढ 14 च्या चकतीवर चढायला पायडलवर 33 किलो लागले असते आणि शंभर मीटरमध्ये 16 फेऱ्या झाल्या असत्या. 28 वर साडेसोळा किलो पुरतात, पण फेऱ्या 32 होतात. जोर आणि फेऱ्या यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच येतो. काम तेवढंच, फक्त ते लहान हप्त्यांत होतं. पायांना ते मानवतं, कारण स्नायूंना एकदाच 33 किलो रेटण्यापेक्षा साडेसोळा किलो दोनदा रेटणं सोपं जातं.

मात्र गिअर हवा तितका हलका करता येत नाही. काही सायकलींना पुढे 24 दात्यांची लहान चकतीही असते. ती मागच्या 28 बरोबर लावली तर रस्त्यावर 12 किलो जोर मिळतो. पण सेकंदाला एक फेरी या गतीने पायडल मारलं तरी वेग ताशी 6.4 किलोमीटरच राहतो. त्याहून हळू गेलं की तोल सांभाळणं अवघड होतं आणि हँडल डगमगू लागतं.

आणखी एक गोष्ट. पुढची चकती लहान केली की चेनवरचा ताण वाढतो. 24 दात्यांवर त्याच 20 किलोंमुळे तो 40 वरून 70 किलोंवर जातो. ऐन चढावर, पूर्ण जोर देत असताना गिअर बदलला तर चेन कडकड वाजते, दात्यांवरून घसरते, कधी निखळतेही. डिरेलर चेनला बाजूला ढकलून शेजारच्या चकतीवर नेतो आणि ताणलेली चेन सहज बाजूला सरकत नाही. म्हणून चढ लागण्याआधी, पायांचा जोर क्षणभर सैल करून, पण पायडल फिरतं ठेवून गिअर बदलायचा. एवढं करूनही दर जोरात फेरीला चेन हिसका देत असेल, तर ती झिजून लांबली आहे का ते पाहावं. नव्या चेनचे 24 सांधे बरोबर 12 इंच भरतात. ते सव्वाबारा इंचांकडे सरकू लागण्याच्या बऱ्याच आधी, आठव्या भागाइतकी वाढ दिसली, की चेन बदलायला झाली आणि बहुधा फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात.