तीन फासे आणि न संपणारा पाठलाग

हुबळीच्या विद्यानगरात बहिणीकडे गेलो की भाच्याबरोबर एखादा खेळ ठरलेलाच. अभियांत्रिकीला असल्यामुळे अलीकडे त्याच्या खेळांना थोडा शास्त्रीय वास येऊ लागला आहे. या खेपेस त्याने लूडोचे तीन फासे समोर ठेवले. ठिपक्यांवर कागदाचे चौकोन चिकटवून त्यावर नवे आकडे लिहिले होते. लाल फाशावर २, ४ आणि ९, निळ्यावर १, ६ आणि ८, हिरव्यावर ३, ५ आणि ७. प्रत्येक आकडा दोन बाजूंवर, म्हणजे सहाही बाजू भरलेल्या. "मामा, हवा तो फासा घ्या. उरलेल्यांतला एक मी घेतो. एकवीस वेळा टाकू, ज्याचा आकडा जास्त वेळा मोठा येईल तो जिंकला. हरणाऱ्याने चहा पाजायचा."

नऊ हा सर्वांत मोठा आकडा, म्हणून मी लाल घेतला. त्याने हिरवा घेतला आणि मी हरलो. मग हिरवाच चांगला, असे समजून मी हिरवा मागितला. त्याने निळा उचलला, मी पुन्हा हरलो. आता निळा माझ्याकडे आला, तेव्हा त्याने शांतपणे पहिल्यांदा मी टाकून दिलेला लाल घेतला. तो डाव मात्र मी ११ विरुद्ध १० असा जिंकलो आणि त्याची युक्ती फसल्याचे जाहीर केले. "टाकून काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला, "मोजून पाहा."

मोजणी सोपी आहे. प्रत्येक आकडा दोनदाच असल्याने छत्तीस जोड्या मांडण्याऐवजी तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ जोड्या मांडल्या तरी पुरते. फासे सरळ असतील तर या नऊही जोड्यांची शक्यता सारखीच असते. लाल विरुद्ध निळा पाहू. लालवर २ पडला तर तो निळ्याच्या फक्त १ ला हरवतो: एक विजय. ४ पडला तरी तेच, कारण ६ आणि ८ त्याहून मोठे: आणखी एक. ९ मात्र १, ६, ८ या तिघांनाही हरवतो: तीन विजय. एकूण पाच. निळ्याच्या वाट्याला उरले चार. म्हणजे लाल निळ्यापेक्षा वरचढ.

आता निळा विरुद्ध हिरवा. निळ्याचा १ कुणालाच हरवत नाही. ६ हा ३ आणि ५ यांना हरवतो, ८ तिघांनाही. पुन्हा पाच. इथपर्यंत पोहोचल्यावर कुणीही म्हणेल की लाल सर्वांत बलवान आणि हिरवा सर्वांत दुबळा. तिसरी मोजणी करून पाहावी. हिरव्याचा ३ लालच्या २ ला हरवतो, ५ हा २ आणि ४ ला, ७ हाही २ आणि ४ ला. एक, दोन आणि दोन: पाच. दुबळा ठरलेला हिरवा लालला नऊपैकी पाच वेळा हरवतो! लाल निळ्यावर, निळा हिरव्यावर, हिरवा पुन्हा लालवर. गणितात अशा फाशांना असंक्रामक म्हणतात. रामा श्यामाहून उंच आणि श्यामा गोविंदाहून उंच असेल, तर रामा गोविंदाहून उंच असणारच. उंचीचा हा गुण 'हरवण्या'त नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

तिसऱ्या डावात मी जिंकलो तो निव्वळ नशिबाने. नऊपैकी पाच म्हणजे शंभरात साधारण छप्पन्न, इतकीच आघाडी असते. एकवीस फेकींच्या डावात दुर्बल बाजू दहापैकी सुमारे तीन वेळा जिंकते. म्हणून घरी करून पाहणाऱ्याने पाच-पन्नास फेकींवर निकाल लावू नये. शिवाय कागद जाड चिकटला की फासा एका बाजूला कलतो आणि अनुभव आणखी बिघडतो. कागदावरच्या नऊ जोड्या यातल्या कशानेच ढळत नाहीत.

हे घडते का, हा खरा प्रश्न. तिन्ही फाशांची बेरीज काढली तर प्रत्येकी १५ येते, सरासरी ५. सरासरीने पाहिले तर तिघेही समान. मात्र 'कोण जिंकले' असे विचारताना आपण किती फरकाने जिंकले हे विसरतो. लाल-निळ्याच्या लढतीत लालचे पाच विजय १, ३, ८, ३ आणि १ अशा फरकाने होतात: एकूण १६. त्याचे चार पराभव ४, ६, २ आणि ४ च्या फरकाने: तेही १६. म्हणजे जिंकण्याची संख्या जास्त, पण हरतो तेव्हा मोठ्या फरकाने. एक चहा प्रत्येक डावाला न लावता फरकाच्या प्रत्येक अंकाला एक रुपया लावला असता, तर या खेळात कुणालाच लाभ नव्हता. भाच्याने चहाच का लावला, हे तेव्हा कळले.

या तीन फाशांतले आकडे मला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते. २, ९, ४ एका ओळीत लिहा, खाली ७, ५, ३ आणि त्याखाली ६, १, ८. उभी, आडवी, तिरकी कोणतीही बेरीज १५. हा आपल्याकडे पंचांगांत आणि यंत्रांत दिसणारा पंधराचा चौकोन. त्याच्या आडव्या ओळी म्हणजेच लाल, हिरवा आणि निळा. उभ्या ओळींचे तीन फासे केले तरी असाच पाठलाग सुरू होतो. करून पाहण्याजोगे आहे. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये रचलेल्या 'गणितकौमुदी'त अशा चौकोनांवर भद्रगणित नावाचे प्रकरणच आहे. त्यांचा विषय मात्र बेरजांचा, फाशांचा नव्हे.

फाशांची ही गंमत जगभर पोचली ती डिसेंबर १९७० मध्ये, मार्टिन गार्डनर यांच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरातून. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांच्या चार फाशांबद्दल त्यांनी लिहिले. त्यांतल्या एका फाशावर चार ४ आणि दोन ०, दुसऱ्यावर सहाही बाजूंना ३, तिसऱ्यावर दोन ६ आणि चार २, चौथ्यावर तीन ५ आणि तीन १. प्रत्येक जण पुढच्याला तिनांपैकी दोनदा हरवतो आणि चौथा पुन्हा पहिल्याला. आमच्या नऊपैकी पाचपेक्षा ही आघाडी बरीच मोठी. पहिला ४ पडला की ३ हरला, आणि ४ पडण्याची शक्यता सहात चार. मोजणी इथे एका वाक्यात संपते. शकुनीला फासे भारावे लागले असतील. इथे फासे निर्दोष, फक्त निवड आधी करणाऱ्याचा घात होतो.

निघताना मी भाच्याला एक अट घातली: प्रत्येकाने आपल्या रंगाचे दोन-दोन फासे टाकायचे आणि बेरजा ताडून पाहायच्या. त्याने पुन्हा "आधी तुम्ही" म्हटले. मी निळा घेतला. रात्री बसून ८१ जोड्या मोजल्या होत्या. दोन फाशांत निळ्याची जोडी लालला ४४ विरुद्ध ३७ हरवते, म्हणजे एका फाशाच्या नेमकी उलट. निळा हिरव्याला ३९ विरुद्ध ३८ आणि हिरवा लालला ३९ विरुद्ध ३८ असा केसाएवढ्या फरकाने मागे टाकतो. उरलेल्या चार-चार जोड्या बरोबरीच्या. पाठलागाचे कडे इथे तुटते. निळा पहिला, हिरवा दुसरा, लाल तिसरा, आणि आधी निवडणाऱ्याचा फायदा. त्याने थोडा विचार करून हिरवा घेतला.