कोपऱ्यातला चेहरा आणि दुसऱ्याची क्लिप

सिनेमाचे ट्रेलर, टीव्हीवरच्या चर्चा, जाहिराती यांवर बोलणारे जे व्हिडिओ आपण यूट्यूबवर पाहतो, त्यांतल्या बहुतेकांची मांडणी एकसारखी असते. पडदाभर दुसऱ्याचा व्हिडिओ चालू असतो आणि खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. यालाच पिक्चर-इन-पिक्चर म्हणतात. ही मांडणी करायला सोपी आहे, म्हणून ती रूढ झाली. पण भाष्य करणाऱ्यासाठी ती बहुतेक वेळा वाईट मांडणी ठरते. मूळ व्हिडिओ सलग, मोठा आणि पूर्ण आवाजात चालला, तर तो मुळातून जाऊन पाहायची गरज प्रेक्षकाला उरत नाही. आणि हक्कभंगाचं प्रकरण उभं राहिलं, की सगळ्यात आधी हाच मुद्दा काढला जातो.

या बाबतीत न्यूयॉर्कच्या एका खटल्याचा निकाल वाचण्यासारखा आहे. इथन आणि हिला क्लाइन हे जोडपं ‘एच3एच3’ नावाचं चॅनेल चालवतं. मॅट होसेनझादे यांच्या एका लघुपटावर त्यांनी 2016 मध्ये सुमारे चौदा मिनिटांचा खिल्ली उडवणारा व्हिडिओ केला. मूळ लघुपट होता 5 मिनिटं 24 सेकंदांचा, आणि त्यातली तब्बल 3 मिनिटं 15 सेकंद क्लाइननी वापरली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक. होसेनझादे कोर्टात गेले. ऑगस्ट 2017 मध्ये न्यायाधीश कॅथरिन फॉरेस्ट यांनी निकाल दिला तो क्लाइन यांच्या बाजूनं.

इतका मोठा भाग वापरूनही ते सुटले, कारण त्यांनी तो तुकड्यातुकड्यांनी वापरला होता. थोडी क्लिप दाखवायची, थांबवायची, त्यातल्या संवादाची, अभिनयाची चिरफाड करायची, मग पुढचा तुकडा. मूळ लघुपट पाहायची इच्छा असलेल्या माणसाची भूक या व्हिडिओनं भागली नसती. पण त्याच निकालात न्यायाधीशांनी एक इशाराही दिला. काही रिअ‍ॅक्शन व्हिडिओ हे भाष्य न करता सगळ्यांनी मिळून केलेल्या व्हिडिओदर्शनासारखे असतात, आणि असे सगळेच व्हिडिओ न्याय्य वापरात बसतात असं आपण म्हणत नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं.

अमेरिकेतला निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. आपल्याकडे लागू होतं ते 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52. एखाद्या कृतीची, किंवा तिच्या अनुषंगानं दुसऱ्या कृतीची, समीक्षा करण्यासाठी तिचा न्याय्य वापर करायला हे कलम मुभा देतं. चालू घडामोडींचं वार्तांकनही त्यात येतं. मात्र ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सेकंदांचे हे आकडे निव्वळ ऐकीव आहेत. व्हिडिओखाली चिकटवला जाणारा, ‘सेक्शन 107’चा हवाला देणारा इंग्रजी मजकूरही असाच. 107 हे अमेरिकी कायद्याचं कलम आहे, आणि तो मजकूर लिहिल्यानं तिथेही कुणाला संरक्षण मिळत नाही. वापर न्याय्य आहे की नाही, हे व्हिडिओत प्रत्यक्ष काय केलंय त्यावरून ठरतं.

म्हणून मांडणीचा विचार कोपऱ्यापासून नव्हे, वाक्यापासून सुरू करावा. समजा, एका ऐतिहासिक मराठी चित्रपटाचा अडीच मिनिटांचा ट्रेलर आलाय. त्यात चालून आलेल्या फौजेला रायगडाचा महादरवाजा दुरूनच समोरासमोर दिसतो, आणि तुमचं म्हणणं आहे की हे चूक आहे. शिवकालीन गोमुखी बांधणीत दरवाजा दोन बुरुजांच्या आड वळणावर दडवलेला असतो, त्यामुळे तो समोरून येणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. हे वाक्य पटवायला ट्रेलरमधला किती भाग लागेल? फौज आणि दरवाजा एकत्र दिसतात तो चार-पाच सेकंदांचा तुकडा. बाकीची घोडदौड, संवाद, गाण्याची झलक यांचा या मुद्द्याशी संबंध नाही.

आता पडदा. 1920 बाय 1080 च्या चौकटीत तो तुकडा चालू असताना तो मोठा ठेवा. डावीकडे 1280 बाय 720 एवढा. उजवीकडे 640 रुंदीचा उभा पट्टा उरतो, त्यात तुमचा चेहरा नीट मावतो आणि क्लिपवर काहीच झाकलं जात नाही. खाली 360 उंचीची मोकळी पट्टी राहते. तिथे चित्रपटाचं नाव आणि ‘ट्रेलरमधून’ एवढं लिहा. तुकडा संपला की दरवाजाच्या फ्रेमवर थांबवा आणि मांडणी बदला. तुम्ही पडदाभर, आणि थांबलेली ती फ्रेम वरच्या कोपऱ्यात 640 बाय 360 च्या चौकटीत, तिच्यावर दरवाजाकडे बोट दाखवणारा बाण. मग त्या चौकटीच्या जागी गडावर तुम्ही स्वतः काढलेला महादरवाजाचा फोटो आणा. पाच सेकंदांच्या क्लिपवर दीड मिनिटाचं बोलणं होतं, आणि त्या दीड मिनिटात प्रेक्षक ट्रेलर पाहत नसतो, तुमचा मुद्दा तपासत असतो.

चेहरा कोपऱ्यातच ठेवायचा असेल तर कोपरा बघून निवडा. बातम्यांच्या क्लिपमध्ये खाली सरकती पट्टी असते, क्रिकेटच्या चित्रणात खाली धावफलक असतो, आणि यूट्यूबवर खालच्या कडेला सबटायटल येतात. मजकूर जिथे असेल तिथे चेहरा ठेवला की पुरावाच झाकला जातो. चौकटीची रुंदी पडद्याच्या पावपट, म्हणजे 480, याहून कमी करू नका. मोबाइलवर त्याहून लहान चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत, आणि भाव कळत नसतील तर तो चेहरा तिथे असून उपयोग काय?

हे सगळं जमायचं असेल तर रेकॉर्डिंग करतानाच एक काळजी घ्यावी लागते. ओबीएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप आणि कॅमेरा एकाच सीनमध्ये ठेवून रेकॉर्ड केलं, की दोन्ही मिळून एकच चित्र तयार होतं. नंतर चेहरा मोठा करता येत नाही, क्लिप हलवता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याचं चित्रण वेगळं करा आणि क्लिप संपादनाच्या वेळी टाका. आवाजाचं तर याहून महत्त्वाचं. क्लिप स्पीकरवर लावून बोललात, तर तिचा आवाज तुमच्या माइकमधूनही रेकॉर्ड होतो. पुढे मागे त्यातल्या पार्श्वसंगीतावर दावा आला, तर ते संगीत तुमच्या आवाजातून स्वच्छ वेगळं करणं फार कठीण जातं. हेडफोन लावून ऐकलं की हा प्रश्न मुळातच उभा राहत नाही.

दावा येतो तो बहुधा संगीतामुळेच. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा चित्र आणि आवाज दोन्ही स्वतंत्रपणे ताडून पाहते. क्लिप लहान केली, आरशासारखी उलटी केली, भोवती रंगीत चौकट लावली किंवा वेग थोडा वाढवला, की यंत्रणा फसते असं सांगणारे बरेच भेटतात. कधी फसतही असेल. पण समीक्षा करणाऱ्याला चित्र उलटं करायचं कारण काय, याचं उत्तर तुमच्याकडे नसतं, आणि पुढे प्रकरण वाढलं तर ही लपवाछपवी तुमच्याच विरोधात जाते.

मग खरा धोका कुठे? माझ्या मते सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे शोभेची क्लिप. तुम्ही महागाईवर बोलताय आणि डोळ्यांना काहीतरी हवं म्हणून मागे कुठल्यातरी वाहिनीचं बाजाराचं चित्रण चालू आहे. त्या चित्रणाविषयी तुम्ही एक शब्दही बोलत नाही. ते पाच सेकंदांचं असलं तरी त्याला समीक्षेचा आधार नाही, कारण त्याची समीक्षा झालेलीच नाही. तिथे परवानगीचं किंवा स्वतःचं चित्रणच हवं. वृत्तसंस्थांचं चित्रण तर विकण्यासाठीच असतं. 2025 मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था आणि काही भारतीय यूट्यूबर यांच्यात जो जाहीर वाद झाला आणि कोर्टापर्यंत गेला, तो काही सेकंदांच्या क्लिपवरूनच पेटला होता.

गाणं सलग वाजवून त्यावर माना डोलावणं, सामन्याचे निर्णायक क्षण एकापाठोपाठ दाखवणं, सिनेमाचा शेवट जसाच्या तसा दाखवणं, यांत मूळ वस्तूचा गाभाच हातून दिला जातो. तिथे लांबी कमी असूनही बाजू लंगडी पडते. आणि चित्रपटगृहात मोबाइलवर टिपलेल्या दृश्याला तर हातही लावू नये. 2023 च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात अशा अनधिकृत चित्रणासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. परीक्षणासाठी निर्मात्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेला ट्रेलर वापरावा. त्यावरचाही हक्क त्यांचाच असतो, पण निदान तो चोरून आणलेला नसतो.

परवानगी मिळाली म्हणजेही सगळं झालं असं नाही. यूट्यूबवर जाहिरातींचं उत्पन्न मिळवायचं तर ‘पुनर्वापर केलेला आशय’ या वेगळ्या नियमात चॅनेल अडकू शकतं. दुसऱ्याच्या व्हिडिओत तुम्ही लक्षणीय भर घातली नसेल, तर मूळ मालकाची हरकत नसूनही उत्पन्न नाकारलं जातं. काही न बोलता नुसते हावभाव करणारा कोपऱ्यातला चेहरा ही भर मानली जात नाही.

दावा आलाच तर आधी तो कुठल्या प्रकारचा आहे ते वाचा. कंटेंट आयडीचा क्लेम असेल, तर बहुधा त्या व्हिडिओचं उत्पन्न दावेदाराकडे वळतं किंवा काही देशांत व्हिडिओ दिसेनासा होतो. चॅनेलला धक्का लागत नाही. हरकत घेता येते, आणि दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. स्ट्राइक मात्र वेगळी. ती मालकानं कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावल्यावर येते, नव्वद दिवस टिकते, आणि त्या मुदतीत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं. प्रतिनोटीस देता येते, पण त्यात खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो. त्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत त्यानं कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो. प्रतिनोटीस म्हणजे कोर्टाची तयारी आहे असं सांगणं, त्यामुळे ती पाठवण्याआधी वकिलाला दाखवावी.

हरकत लिहिताना ‘हा न्याय्य वापर आहे’ एवढंच वाक्य कामाचं नाही. कितव्या सेकंदाला कुठली क्लिप आली, ती किती लांबीची, आणि तिच्याविषयी तुम्ही लगेच काय म्हटलंत, हे तक्त्यात लिहून द्यावं लागतं. महादरवाजाच्या त्या तुकड्यापुढे लिहायला वाक्य तयार असतं: दरवाजा समोरून दिसतो, बांधणी गोमुखी नाही. हा तक्ता संपादन करतानाच भरत गेलात, तर ज्या क्लिपपुढचा रकाना रिकामा राहील, ती व्हिडिओ चढवण्याआधीच काढून टाकता येते.